यांच्या पाठीवरचा तीळ बदलतोय, पण हे दाखवायला तयार नाहीत

दर दिवाळीला पहिल्या आंघोळीला यांच्या पाठीला तेल मीच लावते. उजव्या फऱ्याखाली यांना एक तीळ आहे, लग्न झाल्यापासून बघतेय. या वर्षी तो बोटाला उंच लागला. चष्मा लावून पाहिलं तर एका बाजूनं काळा पडलाय, कडा वेडीवाकडी झालीय. त्यानंतर दोनदा बनियनला रक्ताचा ठिपका दिसला. यांचं वय ७४. दाखवू या म्हटलं की म्हणतात, "पाठीवरचा तीळ भाग्याचा असतो, आणि म्हातारपणी अंगावर असलं काहीतरी यायचंच." यांच्या थोरल्या भावाच्या गालात गाठ होती. तपासायला तुकडा काढला आणि चार महिन्यांत ते गेले. तेव्हापासून 'लोखंड लागलं की भडकतं' हे डोक्यात पक्कं बसलंय. मुलगा बंगळुरूला असतो. त्यानं फोटो मागवून मित्र डॉक्टरला दाखवला, तो म्हणाला तसं काही वाटत नाही. मी मात्र मोबाइलवर वाचल्यापासून धड झोपलेले नाही, हा कॅन्सरच असं मनानं घेतलंय. मुलगा आला की गुडघा दाखवायला म्हणून यांना न्यावं आणि तिथंच तीळ काढून घ्यावा का? खोटं बोलणं जिवावर येतं.
— एक आजी, सातारा जिल्हा

आजी, तीळ दाखवायलाच हवा, आणि येत्या पंधरा दिवसांत. ते कसं जमवायचं याकडे येतेच. पण त्याआधी तुमच्या मनानं जे घेतलंय त्याबद्दल बोलू या, कारण घरातल्या बोलण्यावर त्याचाच दाब पडतोय असं मला वाटतं.

हा कॅन्सरच आहे, असं तुमच्या वर्णनावरून मी म्हणणार नाही. त्वचेचा जो कॅन्सर तिळासारखा दिसतो त्याला मेलानोमा म्हणतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो मुळातच कमी, आणि झाला तरी बहुतेक वेळा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. पाठीवर तो गोऱ्या कातडीच्या माणसांत जास्त दिसतो, त्यातही पुरुषांत. सत्तरीच्या पुढे आपल्याकडे पाठीवर जे काळं, खरखरीत, उंच काही येतं ते बहुतांशी निरुपद्रवी असतं. त्याला आम्ही सेबोऱ्हिक केरॅटोसिस म्हणतो. वरून चिकटवल्यासारखं दिसतं, हाताला मेणचट लागतं, हळूहळू मोठं होतं आणि काळंही पडतं. बनियनला घासून त्यातून रक्तही येतं. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या खुणांमधल्या काही या साध्या गोष्टीतही सापडतात.

मग घाई कशाला? कारण तुम्ही जे पाहिलंय ते फोटोत येत नाही. इतकी वर्षं जसाच्या तसा राहिलेला तीळ वर्षभरात, तोही एका बाजूनं बदलला, हे तुम्हाला कळलं. तिळाचा धोका ओळखायच्या खुणा तुम्ही मोबाइलवर वाचल्या असणार: दोन अर्धे सारखे नसणं, कडा तुटक असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग असणं, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असणं. या सगळ्यांपेक्षा मी शेवटच्या खुणेला जास्त मान देते, ती म्हणजे बदल. आणि पाठीवरचा बदल ज्याचा त्याला कधीच दिसत नाही. शेजारी झोपणाऱ्या, पाठ चोळणाऱ्या माणसालाच दिसतो. वयस्क पुरुषांच्या पाठीवरचे मेलानोमा अनेकदा त्यांच्या बायकांच्याच नजरेला आधी पडलेले असतात.

मुलाच्या मित्राला दोष देऊ नका. फोटोत उंचवटा सपाट होतो, रंग मोबाइल आपल्या मर्जीनं उजळतो, आणि मागच्या वर्षी तीळ कसा होता हे तर त्याला ठाऊकच नाही. फक्त त्याच्या 'वाटत नाही'वर थांबू नका.

आता मोठ्या दिरांची गोष्ट. आजोबा हट्टी आहेत असं तुम्ही कुठं लिहिलेलं नाही, पण पत्रात त्याचा सूर आहे. मला ते हट्टी वाटत नाहीत. त्यांनी सख्खा भाऊ डोळ्यांदेखत जाताना पाहिला आणि जे दिसलं त्याचा अर्थ लावला: आधी तुकडा काढला, मग भाऊ गेला. क्रम खरा आहे, त्यातून काढलेलं कारण तेवढं चुकलंय. तोंडातली गाठ दाखवायला आपल्याकडे माणसं बहुतेक फार उशिरा येतात. दुखायला लागलं, तोंड उघडेना, की मग डॉक्टर. तोवर रोग पुढे गेलेला असतो. तुकडा काढायची वेळ आणि रोग झपाट्यानं वाढायची वेळ एकच येते, म्हणून सुईला आणि सुरीला बोल लागतो. तिळाच्या बाबतीत हे नीट तपासून झालेलं आहे: तपासणीसाठी तुकडा काढल्यानं मेलानोमा पसरत नाही की आयुष्य कमी होत नाही. पण हे तुम्ही त्यांना वाद घालून सांगू नका. 'तुमच्या भावाच्या बाबतीत तुमचं चुकलंच' असं ते ऐकू येईल. हे डॉक्टरकडून ऐकू द्या.

आणि गुडघ्याचं निमित्त? तो विचार सोडून द्या. खोटं बोलणं वाईट म्हणून तर आहेच, पण ते चालणारही नाही. तीळ काढण्याआधी डॉक्टर आजोबांना समजावून सांगतील, त्यांची सही घेतील. सही ते करणार नाहीत, उठून घरी येतील. मग त्यांच्या लेखी तुम्ही आणि मुलगा एका बाजूला, ते एकटे दुसऱ्या बाजूला. पुढच्या वेळी खरोखरच गुडघा दुखला तरी ते येणार नाहीत.

माझ्या ओपीडीत आलेल्या एका जोडप्याची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आजोबा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय ७१. कंबर आणि पाठ धरायची, म्हणून आजी रोज रात्री बाम चोळायच्या. डाव्या फऱ्याखालचा एक तपकिरी तीळ पसरतोय असं त्यांच्या लक्षात आलं. एका कडेला निळसर काळा डाग उमटला होता. त्यांनी घाबरून त्याच रात्री विचारलं, "अहो, हा कॅन्सर तर नसेल?" आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाम लावून घेणं बंद केलं. आंघोळीहून येताना बनियन घालूनच बाहेर यायचे. आजी सांगत होत्या, "मला वाटलं रागावलेत. मी आणखी बोलत राहिले. सुनेला सांगितलं, लेकीला फोन केला. सगळ्यांनी मिळून बोलल्यावर ते जेवणाच्या पाटावरून उठून गेले."

त्यानंतर आजींनी काही दिवस विषयच काढला नाही. मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी तिळाबद्दल न विचारता एवढंच विचारलं, "तुम्हाला भीती कसली वाटते?" आजोबांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "कापतील. मग मी पडून राहीन. तुझे गुडघे हे असे, आणि तुला माझं सगळं करावं लागेल." मरणाची भीती त्यांना नव्हतीच, बायकोवर ओझं होण्याची होती. आजींनी मनात जी उत्तरं तयार ठेवली होती त्यातलं एकही या भीतीला लागू पडत नव्हतं. म्हणून त्यांनी उत्तर दिलंच नाही. त्या म्हणाल्या, "बरं, मग आधी तुम्ही स्वतः एकदा बघा तरी."

नातवानं फोटो काढला. मोबाइलवर मोठा करून त्यांच्या हातात दिला. स्वतःची पाठ ते पहिल्यांदाच बघत होते. म्हणाले, "हे कधी झालं? मला तर काही जाणवत नाही." तेव्हा आजी म्हणाल्या, "गाडीखालून तेल गळतंय हे तुम्हाला केबिनमधून दिसायचं का? स्टँडवर कुणीतरी ओरडून सांगायचं, मग तुम्ही उतरून वाकून बघायचात. मी तेवढंच ओरडतेय." आणि मग त्यांनी अट घातली नाही, उलट अट मागितली: कशा रीतीनं आलेलं तुम्हाला चालेल? आजोबांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्या दिवशी कापायचं नाही. मुलं सोबत नकोत. डॉक्टर जे काय सांगायचं ते मला सांगेल, माझ्या डोक्यावरून बायकोला नाही.

आत आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "आज कापणार का?" मी म्हटलं, "नाही, आज फक्त बघणार." आमच्याकडे डर्मोस्कोप असतो, दिवा बसवलेलं हातात मावणारं भिंग. कातडीवर टेकवलं की वरच्या थराखालचा रंग दिसतो. दुखत नाही, सुई नाही. निरुपद्रवी केरॅटोसिसची चिन्हं त्यात बहुधा स्पष्ट कळतात. या आजोबांच्या तिळात ती नव्हती. रंगाची जाळी एका बाजूला तुटलेली होती आणि निळसर पांढुरका पट्टा होता. मी त्यांना स्क्रीनवर ते दाखवलं आणि म्हटलं, मला हा काढून तपासायला हवा. नक्की काय आहे ते भिंगावरून सांगता येत नाही. त्यांनी मला भडकण्याबद्दल विचारलं, मी वर लिहिलं ते सांगितलं. मग त्यांनी विचार करायला वेळ मागितला आणि घरी गेले. आठवड्याभरात दोघं परत आले, तारीख त्यांनी स्वतः ठरवली होती.

तीळ ९ मिलिमीटरचा होता. आजूबाजूची २ मिलिमीटर चांगली कातडी धरून तो पूर्ण काढला. भूल फक्त तेवढ्या जागेला, इंजेक्शनची चुणचुण काही क्षणांची. टाके घालून तासाभरात ते घरी गेले, पडून राहावं लागलं नाही. रिपोर्टमध्ये मेलानोमा निघाला. पण त्यात एक आकडा होता, ०.६ मिलिमीटर. मेलानोमा कातडीत किती खोल उतरलाय याचं ते माप, त्याला ब्रेस्लो जाडी म्हणतात. या आजारात पुढे काय होणार हे तिळाच्या रुंदीपेक्षा या खोलीवर जास्त ठरतं. १ मिलिमीटरच्या आतला, वर जखम न झालेला मेलानोमा बहुसंख्य माणसांत शस्त्रक्रियेनंच बरा होतो. तोच ३-४ मिलिमीटर खोल गेला की काखेतल्या गाठींपर्यंत आणि पुढे पोचण्याची शक्यता कितीतरी वाढते. आजोबांच्या जुन्या जखमेभोवतीची १ सेंटिमीटर कातडी दुसऱ्यांदा काढली. एवढ्या पातळ आजाराला काखेतली गाठ काढून तपासण्याची गरज नव्हती, केमो लागली नाही. टाके चौदाव्या दिवशी निघाले, कारण पाठीवरची कातडी सतत ताणली जाते आणि तिथले टाके चेहऱ्यापेक्षा जास्त दिवस ठेवावे लागतात. आता दर सहा महिन्यांनी दाखवायला येतात. बाम पुन्हा आजीच लावतात.

हीच हकिगत दुसऱ्या रिपोर्टनं संपली असती तर तीही मी अशीच सांगितली असती. 'केरॅटोसिस, काळजीचं कारण नाही' असा कागद घेऊन जाणारी माणसं माझ्याकडे जास्त येतात. आजोबांना तसं सांगा. "तुम्हाला कॅन्सर आहे, चला" याला माणूस तयार होत नाही. "बहुतेक साधं असेल, पण ते मला ठरवता येत नाही, तुम्हालाही नाही" हे खरं आहे आणि ते ऐकवतं.

तुमच्या घरी हे कसं व्हावं, याबद्दल माझं मत असं. या रविवारी दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा. एक लांबून, पूर्ण पाठ येईल असा. दुसरा जवळून, तिळाशेजारी शाळेची मोजपट्टी धरून. तारीख लिहून ठेवा. मुलाला पाठवायच्या आधी आजोबांना दाखवा. मग कुणी नसताना भावाबद्दल विचारा, तिळाबद्दल नाही. ते बोलतील तेव्हा मध्ये दुरुस्ती करू नका. शेवटी एवढंच मागा की फक्त दाखवायला यायचं, काढायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. हा शब्द पाळा, आणि मुलालाही पाळायला सांगा. जमलं तर दोघांनीही तपासून घ्या. तुमचे तळपाय आणि नखं डॉक्टरांनी बघायला हवीतच, कारण आपल्याकडे हा आजार तिथं जास्त होतो आणि तिथंच कुणी बघत नाही. तुम्हीही पेशंट म्हणून शेजारी बसलात की त्यांना एकट्यालाच ओढून आणल्यासारखं वाटणार नाही.

दाखवायचं ते त्वचारोगतज्ज्ञाला. खासगी परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग असतो. जाताना आजोबांच्या चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी असेल तर ती आधी सांगायची, पण आपल्या मनानं बंद करायची नाही. मधुमेह असेल, पेसमेकर बसवला असेल, तर तेही सांगा.

एका बाबतीत मात्र तुम्ही अडून बसा. बदललेला तीळ जाळायचा नाही. 'पाच मिनिटांत लेसरनं उडवून देतो' असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: "तपासणीला काय पाठवणार?" जाळलेल्या तिळाचा रिपोर्ट होत नाही. आत मेलानोमा असेल तर वरचं जळून जातं, खालचं वाढत राहतं, आणि किती खोल होतं हे मापच हरवतं. घरी चुना-सोडा लावणं, दोरा किंवा घोड्याचा केस बांधणं हेही यातच आलं. शक्य असेल तिथं पूर्ण तीळ काढावा आणि पूर्ण पाठवावा. रिपोर्ट साधा आला तरी कागद सांभाळून ठेवा. साधा नसेल, तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर त्यांना तेच लागतात, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.

एवढं करूनही आजोबा नाहीच म्हणाले, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. बीपीच्या गोळ्यांसाठी ते जातात तेव्हा डॉक्टरांनीच म्हणावं, जरा पाठ बघू. घरच्यांचं न ऐकणारी कितीतरी माणसं वर्षानुवर्षांच्या डॉक्टरचं ऐकतात. यात लबाडी नाही. आजोबांनी विचारलं, तर मीच सांगितलं होतं असं मोकळेपणानं सांगा.

पंधरा दिवसांची मुदत मी दिली आहे ती तीळ आता आहे तसा राहिला तर. तो गाठीसारखा वर येऊ लागला, काही दिवसांत वाढल्याचं दिसलं, रक्त पुन्हा पुन्हा येऊ लागलं, किंवा त्या बाजूच्या काखेत हाताला गाठ लागली, तर त्याच आठवड्यात न्या. तसं झालं तर आजोबांना जे दिसतंय ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि मुलाला सुट्टी काढून यायला लावा. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही फोटो सोबत असू द्या, आणि मागच्या दिवाळीत तो कसा होता ते त्यांनी विचारायची वाट न बघता तुम्हीच सांगा.